नफा-सेतू आलेख

नफा-सेतू आलेख : गेल्या वर्षीचा आणि यंदाचा कार्यकारी नफा असे दोन खांब दोन टोकांना उभे करून, मधला फरक कोणत्या कारणाने किती पडला हे अधांतरी पट्ट्यांनी दाखवणारा आलेख. प्रत्येक पट्टी आधीची जिथे संपते तिथून सुरू होते. नफा वाढवणारी वर चढते, घटवणारी खाली उतरते. ‘धबधबा आलेख’ या व्यापक प्रकाराचा हा एक उपयोग होय. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत मार्चअखेरचे हिशेब मिटले की लेखा विभागात याची मागणी होते, पण ती ‘ब्रिज’ किंवा ‘वॉटरफॉल’ या नावाने. ‘सेतू’ हा शब्द नोंदीपुरताच.

उगम : मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने हा आलेख रूढ केला असे सामान्यतः सांगतात. रूढ करणे आणि शोधणे यांत फरक आहे, आणि पहिला आलेख कोणी काढला याविषयी एकमत नाही. रेखाटनाची कल्पना आणि तिच्यामागचे गणित यांची वये वेगळी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भाव, विक्रीचे प्रमाण आणि खर्च यांचे परिणाम सुटे करण्याची रीत प्रमाण परिव्यय पद्धतीतून, म्हणजे खर्च आधी ठरवून प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याच्या पद्धतीतून आली. तिची मांडणी जी. चार्टर हॅरिसन व त्यांच्या समकालीनांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात, साधारणतः १९१८ च्या सुमारास केली. आलेख हे त्या गणिताचे नंतरचे चित्र आहे.

दोन टोके : कंपनी अधिनियम २०१३ च्या अनुसूची ३ मधील नफा-तोटा पत्रकात ‘कार्यकारी नफा’ अशी स्वतंत्र ओळ नाही. त्यामुळे घसारा वजा करायचा की नाही, मुदत ठेवींवरचे व्याज वगळायचे की नाही, हे कंपनीलाच ठरवावे लागते. आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस १८ (प्रसिद्धी एप्रिल २०२४, अंमल १ जानेवारी २०२७ पासून) यात या नफ्याची व्याख्या दिली आहे. तोवर निदान एवढे पाहावे, की दोन्ही खांब एकाच मापाने मोजले आहेत. गेल्या वर्षीच्या नफ्यात एखादा विमा दावा मिसळलेला असेल, तर तो पहिल्या पट्टीतच काढून दाखवतात. नाहीतर त्याचे न येणे यंदाची घट म्हणून वाचले जाते.

उदाहरण : रबाळे येथील प्लास्टिक फिल्म बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. गेल्या वर्षी त्याने १० लाख किलो फिल्म सरासरी १२० रुपये किलोने विकली. दाणा, वीज, वाहतूक असा किलोमागे बदलणारा खर्च ८० रुपये, म्हणजे भावातून तो वजा जाता उरणारे अंशदान किलोमागे ४० रुपये. स्थिर खर्च २८० लाख जाऊन नफा उरला १२० लाख. यंदा विक्री ११ लाख किलो, भाव १२६, बदलता खर्च ८७ आणि स्थिर खर्च ३०० लाख. नफा १२९ लाख.

वाढ अवघी ९ लाखांची. सेतू मांडला की या नवामागची उलथापालथ दिसते. जास्तीच्या १ लाख किलोचे, गेल्या वर्षीच्या ४० रुपये अंशदानाने, ४० लाख वर. भावात ६ रुपये वाढले ते यंदाच्या ११ लाख किलोवर, म्हणजे आणखी ६६ लाख वर. खर्चातले ७ रुपये त्याच ११ लाख किलोवर, ७७ लाख खाली. स्थिर खर्चाचे २० लाख खाली. १२० मध्ये ४० व ६६ मिळवून ७७ आणि २० वजा केले की १२९ वर पाय टेकतो.

संयुक्त फरकाचा वाद : भाववाढ यंदाच्या ११ लाख किलोवर का मोजली, गेल्या वर्षीच्या १० लाखांवर का नाही? तशी मोजली तर भावाचा वाटा ६० लाख, खर्चाचा ७० लाख, आणि प्रमाणाचा, यंदाच्या ३९ रुपये अंशदानाने, ३९ लाख होतो. बेरीज तीच ९. भावातला ६ लाखांचा फरक म्हणजे जास्तीच्या १ लाख किलोवर मिळालेली ६ रुपयांची भाववाढ. ती भाव आणि प्रमाण दोन्ही वाढल्याशिवाय जन्मलीच नसती. ती कोणाच्या नावावर लिहायची याला गणितात उत्तर नाही, संकेतात आहे. परिव्यय लेखाशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुधा पहिली रीत घेतात : प्रमाण जुन्या अंशदानाने, भाव नव्या प्रमाणावर. काही जण संयुक्त भागाची वेगळी पट्टी काढतात, पण ती बैठकीत कोणालाच आपली वाटत नाही. रीत कोणतीही असो, दरवर्षी तीच ठेवली पाहिजे. विक्री विभागाला ६६ आणि ६० यांतला फरक बरोबर कळतो.

मिश्रण : याहून मोठी चूक सरासरीत दडलेली असते. समजा या फिल्मचे दोन प्रकार आहेत. गेल्या वर्षी साधी ६ लाख किलो, अंशदान ३० रुपये, आणि बहुपदरी ४ लाख किलो, अंशदान ५५ रुपये. मिळून ४०० लाख, सरासरी तेच ४०. यंदा साधी ७.६ लाख आणि बहुपदरी ३.४ लाख किलो विकली गेली. जुन्याच अंशदानाने या मालाचे ४१५ लाख होतात, म्हणजे प्रमाण आणि मिश्रण मिळून वाढ १५ लाखांचीच. प्रमाणाचे ४० लाख खरे, पण स्वस्त मालाकडे झुकल्याने २५ लाख गेले.

यंदाचे प्रत्यक्ष अंशदान ४२९ लाख आहे. म्हणजे उरलेले १४ लाख भाव आणि खर्च यांच्या झटापटीतून वर आले. सरासरीवरच्या सेतूत हीच झटापट ६६ वजा ७७, म्हणजे ११ लाखांनी खाली दिसत होती. दाणा महागला आणि भाव पुरेसा वाढवता आला नाही, हा निष्कर्ष उलटा ठरतो : एकूण पाहता भाववाढीने खर्च भरून काढला, निसटला तो महाग माल. म्हणून सरासरी भावावर काढलेला सेतू हाती आला की आधी प्रकारवार किलो मागावेत.

रेखाटन : एक्सेल २०१६ पासून हा आलेख तयार मिळतो. त्याआधी, आणि अजूनही बऱ्याच कार्यालयांत, रचलेल्या स्तंभांच्या आलेखात तळाची मालिका बिनरंगी ठेवून पट्ट्या तरंगवतात. वरील उदाहरणात तळ अनुक्रमे १२०, १६०, १४९ आणि १२९ असा येतो. उतरत्या पट्टीचा तळ म्हणजे उतरल्यानंतरची पातळी, आणि बहुतेक चुका इथेच होतात. चालू बेरीज शून्याखाली गेली की ही युक्ती मोडते. तयार आलेखातही शेवटच्या स्तंभावर `Set as total` ही खूण केली नाही, तर १२९ ही आणखी एक वाढ समजली जाते आणि पट्टी १२९ पासून २५८ पर्यंत अधांतरी चढते.

उभा अक्ष १०० पासून सुरू केला तर पट्ट्या ठसठशीत दिसतात, मात्र १२० आणि १२९ चे खांब २० आणि २९ सारखे वाचले जातात. ‘इतर’ या पट्टीविषयी ठाम नियम नाही. ती नाव असलेल्या एखाद्या पट्टीहून मोठी दिसली, तर हिशेब जुळवण्यासाठी तिचा वापर झाला असण्याची शक्यता तपासावी.