लेखापरीक्षणापूर्वीचे व्यवसाय-आकलन

हिशेबाची वही उघडण्याआधी अशील नेमका काय धंदा करतो, पैसा कुठून येतो, माल कुठे अडतो आणि कुणाच्या शब्दावर भाव ठरतो हे समजून घेणे, आणि त्यावरून ताळेबंदात मोठी चूक कुठे राहू शकते याचा अंदाज बांधणे, ही लेखापरीक्षणाची पहिली पायरी आहे. भारतात तिचे नियम इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या एसए ३१५ या मानकात दिले आहेत. १ एप्रिल २००८ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी कालावधींसाठी ते लागू झाले. पुण्यातल्या सीए कार्यालयांत या कामाला सरळ ‘एंटिटी समजून घेणं’ किंवा नुसतं ‘रिस्क’ म्हणतात.

मानकाने तीन साधने सांगितली आहेत: व्यवस्थापनाला आणि संस्थेतल्या इतरांना प्रश्न विचारणे, आकड्यांचे विश्लेषण, आणि प्रत्यक्ष निरीक्षण व कागदांची पाहणी. यातले ‘इतरांना’ हे सगळ्यात सहज विसरले जाते. अकाउंट्स विभागातला माणूस व्हाउचर कसे बनते ते सांगतो. व्हाउचर बनलेच नाही अशी गोष्ट त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती स्टोअर, गेट आणि वजनकाट्यावरच्या माणसांना ठाऊक असते.

चाकण आणि भोसरी पट्ट्यातला पत्र्याचे सुटे भाग बनवणारा पुरवठादार हे या आकलनाचे चांगले उदाहरण ठरते, कारण त्याच्या धंद्याच्या बऱ्याचशा अटी त्याच्या हातात नसतात. पत्रा कोणत्या गिरणीचा आणि कोणत्या भावाने घ्यायचा हे बहुधा गाडी बनवणारी कंपनीच ठरवून देते. पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, अनेकदा तिच्याच मालकीची असते आणि पुरवठादाराच्या प्रेसवर फक्त बसवलेली असते. सुट्या भागाचा दर मात्र पत्रा, भंगाराची वजावट आणि प्रेसची मजुरी अशा तुकड्यांनी बनतो. हे एकदा कळले की कोणते आकडे संशयाने पाहायचे ते आपोआप पुढे येते.

समजा, अशी एक कंपनी आहे (ही कंपनी आणि तिचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत). विक्री ४२ कोटी, करपूर्व नफा २ कोटी ४० लाख. वर्षभरात ४,००० टन पत्रा ६० रुपये किलोने आला, म्हणजे २४ कोटींचा. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा सारखाच धरू. किती मोठी चूक महत्त्वाची मानायची हे सांगणाऱ्या एसए ३२० मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या उत्पादक संस्थेच्या बाबतीत करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांचे उदाहरण दिले आहे. त्या मापाने येथे १२ लाख रुपयांच्या वरची चूक महत्त्वाची. ही रेषा कायद्याने ठरलेली नाही, ऑडिटरच्या निर्णयाने ठरते. पण ती आधी आखली नाही तर पुढच्या कोणत्याही फरकाला ‘मोठा’ किंवा ‘किरकोळ’ म्हणता येत नाही.

कारखान्याची फेरी हे कागदावर एका ओळीचे काम. मात्र पुण्याच्या एमआयडीसी भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या दिवशी गेलेल्या ऑडिट टीमला बंद प्रेस आणि सुरक्षा रक्षक एवढेच दिसते. प्रेस चालू असताना गेले तर पत्र्याच्या कॉइलमधून भाग कापल्यावर किती कातरण खाली पडते ते डोळ्यांना दिसते. एका फेरीत ऑडिट टीममधल्या शिकाऊ आर्टिकलने स्टोअरच्या वयस्क कर्मचाऱ्याला विचारले, “काका, हा ढीग कोण उचलतं?” उत्तर आले, “भंगारवाला ठेकेदार. आठवड्याला दोन गाड्या. वजन बाहेरच्या काट्यावर करतो आपण, आपला काटा गेल्या दिवाळीपासून बंद आहे.” हे वाक्य अकाउंट्सच्या कोणत्याही प्रश्नावलीत सापडले नसते.

आता आकडे बोलू लागतात. मुख्य भागांच्या डायचा आराखडा पाहिला की १०० किलो पत्र्यातून किती किलो भाग निघतात ते ठरवता येते. सरासरी ७२ किलो निघत असतील तर २८ टक्के भंगार, म्हणजे ४,००० टनांवर १,१२० टन. वहीत भंगार विक्री दिसते ९८० टन. फरक १४० टन. ३४ रुपये किलोने हा फरक ४७ लाख ६० हजारांचा, म्हणजे महत्त्वाच्या रेषेच्या जवळजवळ चौपट.

इथे घाई केली तर ऑडिटर चुकतो, कारण हा अजून प्रश्न आहे, निष्कर्ष नव्हे. मोठ्या कातरणातून छोटे वॉशर आणि ब्रॅकेट कापले जातात, त्यामुळे भंगार कमी पडते. उलट नाकारलेले भाग भंगारात जातात, त्यामुळे ते वाढते. समजा, छोट्या भागांच्या विक्रीवरून ६० टन कातरण खरोखर वापरले गेल्याचे दिसले आणि नाकारलेला माल नगण्य होता. तरी ८० टन उरतात, म्हणजे २७ लाख २० हजार. याची कारणे चार असू शकतात. भंगार रोखीने विकले गेले आणि वहीत आलेच नाही. बाहेरच्या काट्यावर वजन कमी दाखवले गेले. ढीग आवारातच पडून आहे आणि साठ्यात मोजला नाही. किंवा ७२ टक्के हा आकडाच जुना आहे. शेवटचे कारण सगळ्यात कमी रोमांचक, पण त्याचा परिणाम दूरवर जातो, कारण तोच आकडा तयार मालाच्या किमतीतही वापरला जातो आणि वर्षअखेरचा साठा चुकीच्या भावाने मोजला जातो.

चारही कारणांसाठी पुढची तपासणी वेगळी असते. पहिल्या दोनमध्ये उत्पन्न पूर्ण नोंदले गेले का हा प्रश्न आहे, तिसऱ्यात साठा पूर्ण मोजला का, चौथ्यात साठ्याची किंमत बरोबर का. ‘भंगारात जोखीम आहे’ एवढेच लिहिणारी फाइल म्हणून निरुपयोगी ठरते. गेट रजिस्टरमधल्या गाड्या, काट्याच्या पावत्या आणि विक्रीची बिले यांची जोडणी पहिल्या कारणासाठी उपयोगी. दुसऱ्यासाठी काही गाड्यांचे वजन आपण निवडलेल्या दुसऱ्या काट्यावर करून बघावे लागते. चौथ्यासाठी प्रत्यक्ष कॉइल वजन करून कापून पाहण्याखेरीज उपाय नाही.

दुसरी जोखीम वाहन कंपनीच्या दरदुरुस्तीत असते. पोलादाचा भाव बदलला की सुट्या भागाचा दर मागच्या तारखेपासून बदलतो, पण दुरुस्तीपत्र महिने उलटल्यावर येते. समजा, १ जानेवारीपासून पत्रा किलोला २ रुपये स्वस्त झाला आणि पत्र मे महिन्यात आले. जानेवारी ते मार्च १,००० टन पत्रा भागांत गेला असेल तर ग्राहकाचे डेबिट २० लाखांचे बसते. ३१ मार्चच्या विक्रीत आणि येण्यात ही वजावट धरली नसेल तर दोन्ही वाढीव दिसतात. मात्र पत्रा पुरवणाराही त्याच तारखेपासून क्रेडिट देणार असेल तर निव्वळ परिणाम बराच कमी होतो. म्हणून इथे विचारायचा प्रश्न ‘डेबिट नोट आली का’ हा नव्हे. भाव ठरवणाऱ्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजू एकाच तारखेला बांधल्या आहेत का, हे विचारायचे. हे पत्र खरेदी विभागाकडे किंवा मालकाच्या मोबाइलवर असते, अकाउंट्सकडे नसते. ताळेबंदाच्या तारखेआधीपासूनच्या स्थितीचा पुरावा नंतर आला तर तो हिशेबात घ्यावा लागतो, हे लेखा मानक ४ सांगते. त्यामुळे मे महिन्याचे पत्र मार्चच्या आकड्यांना लागू होते.

डायच्या बाबतीत चूक शांतपणे होते. वाहन कंपनीने पैसे दिलेली डाय पुरवठादाराच्या मालमत्तेत दिसते, त्यावर घसाराही धरला जातो. कधी उलटही होते: पुरवठादाराने स्वतः खर्च करून बनवलेल्या डायचे पैसे ग्राहक प्रति भाग थोडे थोडे देतो, पण तो वेगळा हिस्सा करारात न पाहता सगळे विक्रीतच मिसळले जाते. प्रेसवरच्या डायवर कुणाचा क्रमांक कोरला आहे ते पाहिले, तर मालकीचा पहिला धागा मिळतो.

आकलनाचा दुसरा अर्धा भाग अंतर्गत नियंत्रणाचा. मानक त्यात नियंत्रणाचे वातावरण, संस्थेची स्वतःची जोखीम-प्रक्रिया, माहितीची यंत्रणा, नियंत्रण कृती आणि देखरेख असे पाच घटक धरते. लहान पुरवठादाराकडे यातले बरेचसे मालकाच्या एका डोळ्यात सामावलेले असते. भंगाराच्या गाडीवर मालक स्वतः सही करत असेल तर ते नियंत्रण आहे. तोच ठेकेदाराशी भाव ठरवत असेल आणि पैसेही तोच घेत असेल, तर ते नियंत्रण कागदावरच उरते. एक गाडी निवडून गेटपासून बँकेच्या जमेपर्यंत तिचा माग काढला की यंत्रणा सांगितल्याप्रमाणे चालते का ते कळते. एक गाडी नीट गेली म्हणून वर्षभराच्या गाड्या नीट गेल्या असे मात्र होत नाही. तेवढ्यासाठी वेगळी चाचणी लागते.

विक्रीबाबत फसवणुकीवरच्या एसए २४० या मानकाचे गृहीतक आधीच धरलेले असते: उत्पन्नात फसवणुकीची जोखीम आहे असे समजूनच सुरुवात करायची, आणि नाही म्हणायचे तर कारण लिहून ठेवायचे. ३१ मार्चच्या संध्याकाळी बिल बनलेल्या आणि २ एप्रिलला ग्राहकाच्या गेटवर पोहोचलेल्या गाड्या या गृहीतकाखाली पहिल्या तपासायच्या. अर्थात, माल कुठे हस्तांतरित झाला हे आधी करारात पाहून.

या कामात सर्वाधिक दिसणारा दोष म्हणजे मागच्या वर्षाची फाइल उघडून तारीख बदलणे. ओळखण्याची खूण साधी आहे. फाइलमध्ये ज्या डायवरून भंगाराचा अंदाज घेतला आहे ती डाय गेल्या वर्षी काढून टाकलेली असते, किंवा मुख्य ग्राहक म्हणून ज्याचे नाव लिहिले आहे त्याचा विक्रीतला वाटा आता दहावा हिस्साही नसतो. दुसरा दोष उलट्या टोकाचा: उद्योगाच्या आकडेवारीची वीस पाने जोडायची, पण या कंपनीच्या कोणत्या खात्यात काय चुकू शकते ते एकाही ओळीत लिहायचे नाही.

एवढे करूनही हे आकलन म्हणजे पुरावा नव्हे. त्यावरून काय तपासायचे, किती आणि कधी, एवढेच ठरते, आणि प्रत्यक्ष तपासणी एसए ३३० नुसार पुढे होते. तपासणी चालू असताना काही नवे कळले, उदाहरणार्थ रांजणगावला भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये दुसरी प्रेस लाइन चालू असल्याचे एखाद्या वीजबिलावरून समजले, तर जोखमीचा तक्ता परत मांडावा लागतो, आणि तिथला साठा ३१ मार्चला कुणी मोजला हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा लागतो.