मोजता न येणारं मशीन a, b, c सारखे आहेत हे ओळखतं कसं?

ट्युरिंग मशीन शिकवताना एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चांगलं प्रोग्रॅमिंग येणारा असतो. प्रश्न असा की aabbcc सारखी ओळ दिली, म्हणजे आधी काही a, मग तेवढेच b, मग तेवढेच c, तर मशीनने ती ओळखायची कशी, कारण त्याच्याकडे तर काउंटरच नाही! व्हेरिएबल नाही, बेरीज नाही, आकडा लिहून ठेवायला वेगळी जागा नाही. मोजलंच नाही तर समान आहेत हे कळणार कसं?

पण समान आहेत हे कळायला मोजावं लागतं हाच मुळात गैरसमज आहे. हॉलमध्ये खुर्च्या आणि माणसं सारखी आहेत का बघायचं तर कोणी दोन्ही मोजत बसत नाही, सगळ्यांना बसा म्हणायचं आणि कोणी उभं राहिलं का, खुर्ची रिकामी राहिली का एवढं बघायचं. जोड्या लावायच्या, बस.

इथे दोनाऐवजी तीन गट आहेत आणि खरी गोम तिथेच आहे. नुसते a आणि b सारखे असायचे असते तर स्टॅकवालं साधं मशीनही चाललं असतं, प्रत्येक a ला एक चकती ठेवायची आणि प्रत्येक b ला एक काढायची. पण b संपेपर्यंत चकत्याही संपतात, मग c आले की त्यांची जोडी लावायला काही उरतच नाही. तीन तिगाडा काम बिगाडा ही म्हण मला एरवी अजिबात पटत नाही, तिघांनी मिळून निघालं म्हणून कुणाचं काम बिघडत नसतं, पण स्टॅकच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी ठरते (आणि त्याचं कारण अपशकुन नाही, त्याची रीतसर सिद्धता आहे).

ॲलन ट्युरिंगने १९३६ साली मांडलेल्या मशीनकडे स्टॅक नाही, एक लांबलचक टेप आहे. टेपवर रकाने, एका रकान्यात एक अक्षर, आणि एक हेड जे एका वेळी एकच रकाना बघतं, त्यात काहीतरी लिहितं आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. ‘आपण आत्ता काय करतोय’ एवढंच मशीनला आठवतं, त्याला स्टेट म्हणायचं, आणि या स्टेट आधीच ठरलेल्या, मोजक्या असतात. म्हणून आकडा स्टेटमध्ये लपवायची पळवाट पण बंद, कारण आकडा कितीही मोठा होऊ शकतो.

मग डाव असा. सगळ्यात डावीकडचा a खोडून तिथे X लिही. उजवीकडे जा, पहिला जो b दिसेल तो खोडून Y कर. आणखी उजवीकडे जा, पहिला c खोडून Z कर. मग मागे फिर, X दिसेपर्यंत डावीकडे ये, एक घर उजवीकडे सरक आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका फेरीत एक a, एक b, एक c असं त्रिकूट बाद. a संपले की उरलेल्या टेपवरून एकदा शेवटपर्यंत जाऊन बघायचं की एखादा b किंवा c उभा तर राहिला नाही ना.

aabbcc वर प्रत्येक फेरीनंतर टेप अशी दिसते:

```
aabbcc
XaYbZc
XXYYZZ
```

आता हेच स्टेटमध्ये लिहूया. पाच पुरतात. बाणाच्या आधी दिसलेलं अक्षर, बाणानंतर लिहायचं अक्षर, दिशा आणि पुढची स्टेट, लिहायचं अक्षर दिलं नसेल तर आहे तेच राहतं, आणि accept म्हणजे पास. `_` म्हणजे रिकामा रकाना, R म्हणजे उजवीकडे, L म्हणजे डावीकडे, आणि यादीत जे नाही ते दिसलं की सरळ नापास.

```
q0: a -> X R q1 | Y -> Y R q4 | _ -> accept
q1: a -> a R q1 | Y -> Y R q1 | b -> Y R q2
q2: b -> b R q2 | Z -> Z R q2 | c -> Z L q3
q3: a,b,Y,Z -> L q3 | X -> X R q0
q4: Y,Z -> R q4 | _ -> accept
```

q0 ही फेरीची सुरुवात, q1 म्हणजे ‘b शोधतोय’, q2 म्हणजे ‘c शोधतोय’, q3 म्हणजे ‘परत चाललोय’, आणि q4 म्हणजे शेवटची झडती. रिकामी ओळ q0 मध्येच पास होते, कारण शून्य, शून्य, शून्य हेही सारखेच.

मला या यादीत सगळ्यात आवडते ती q1. ती a वरून जाते, Y वरून जाते, पण Z किंवा c वरून जात नाही. या नकारामुळेच अक्षरांचा क्रम तपासला जातो, त्यासाठी वेगळं काही लिहावंच लागत नाही! acb दिलं तर a चा X होतो, q1 ला समोर c दिसतो, c साठी नियमच नाही, खेळ खलास. तसंच q2 ला a चालत नाही, म्हणून aba ने सुरू होणारी ओळ पहिल्याच फेरीत पकडली जाते. abcabc जरा पुढे जाते, पहिली फेरी छान पार पडते, टेप XYZabc होते, पण q0 ला X च्या शेजारी Y दिसतो, ती समजते a संपले, q4 ला पाठवते, आणि q4 Y, Z ओलांडून त्या दुसऱ्या a वर आपटते. नापास. पुस्तकात बरेचदा आधी एक अख्खी चक्कर मारून क्रम तपासून घेतात, त्यात चूक काही नाही, पण इथे तिची गरज पडत नाही.

आता चुका कुठे होतात ते बघू, कारण हे मशीन बघायला सोपं वाटतं आणि पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं बिघडतं. माझंही बिघडलं होतं, मी q1 मध्ये Y वरून जायचा नियम लिहायलाच विसरलो होतो. abc देऊन बघितलं, पास, म्हटलं झालं काम. पण abc मध्ये एकच फेरी असते, q1 ला आधीचा Y कधी भेटतच नाही, त्यामुळे चूक झाकली जाते. aabbcc दिलं की दुसऱ्या फेरीत टेप XXYbZc असते, q1 समोर Y येतो आणि मशीन बरोबर असलेली ओळ नापास करून मोकळं होतं. म्हणून टेस्ट करताना abc वर कधीच थांबू नका. aabbcc घ्या, रिकाम्या ओळीचा नियम सोडला तर वरच्या यादीतला प्रत्येक नियम ही एक ओळ किमान एकदा वापरते, हवं तर बोट ठेवून तपासा.

दुसरी चूक म्हणजे X, Y, Z ऐवजी सगळीकडे एकच खूण वापरायची. वाटतं काय फरक पडतो, खोडलं म्हणजे खोडलं. पण मग परत येताना q3 ला कळणार कसं की कुठल्या खुणेपाशी थांबायचं, ती b च्या जागी केलेल्या खुणेवरच थांबते, एक घर उजवीकडे सरकते, आणि q0 ला a ऐवजी b दिसतो. बरोबर ओळ पुन्हा नापास.

तिसरी चूक उलटी. a संपले की लगेच accept करायचं, q4 कशाला उगाच. असं मशीन aabbcc ला पास करतं, आणि aabbccc ला पण करतं! बरोबर ओळी देऊन ही चूक कधीच सापडणार नाही, चुकीच्याच ओळी द्याव्या लागतात, एक c जास्त, एक b जास्त अशा.

आणि ‘ठरवणं’ म्हणजे काय ते पण इथेच सांगतो. मशीनने हो किंवा नाही म्हणून थांबलंच पाहिजे, फिरत राहून चालत नाही. आपलं थांबतं कारण प्रत्येक फेरीत एक a कमी होतो आणि a मोजकेच आहेत. पण q3 मध्ये X वर `R q0` ऐवजी चुकून `L q3` लिहिलं, आणि टेपला डावं टोक आहे, टोकावर हेड जागचं हलत नाही असा नियम धरला, तर मशीन त्या पहिल्या X वर कायमचं अडकतं. नापासही नाही, पासही नाही, नुसतं चालू.

वेळ किती लागतो? a, b, c प्रत्येकी n आहेत असं धरा. एका फेरीत 2n+1 पावलं जाताना आणि 2n येताना, अशा n फेऱ्या, वर शेवटची झडती, सगळं मिळून `4n² + 3n + 1`. aabbcc साठी २३ पावलं, हातानेही होतात. पण प्रत्येकी हजार अक्षरं असली की ४० लाखांच्या वर जातं, म्हणजे अक्षरं दहापट केली की पावलं जवळपास शंभरपट होतात.

हे कमी करायची एक युक्ती आहे आणि ती मला q1 पेक्षाही आवडते, म्हणून थोडं थांबा. इथे मात्र आधी एक चक्कर मारून क्रम तपासून घ्यायचा. मग एका फेरीत एकेक न खोडता, प्रत्येक गटातलं एक आड एक अक्षर खोडायचं, पहिलं, तिसरं, पाचवं असं. आणि जाता जाता फक्त एवढं लक्षात ठेवायचं की उभे असलेले a सम होते की विषम, b आणि c चं पण तेच. हे स्टेटमध्ये मावतं, कारण सम-विषमच्या आठच जोडण्या होतात. तिघांचं उत्तर सारखं नसेल तर नापास, सारखं असेल तर पुढची फेरी, तिन्ही गट एकदम संपले की पास.

१३ घ्या. १३ विषम, खोडून उरले ६, सम, मग ३, विषम, मग १, विषम, संपलं. विषमला १ आणि समला ० लिहून हे उलटं वाचा, 1101. हे बायनरीतले १३ आहेत! म्हणजे मशीनने कुठेही आकडा न लिहिता तिन्ही संख्यांचे बायनरी अंक एकेक करून ताडून बघितले. समजा a १३ आणि b ९ आहेत, पहिल्या फेरीत दोन्ही विषम, दुसरीत ६ आणि ४ दोन्ही सम, तिसरीत ३ आणि २, पकडले गेले. बायनरी अंक सगळे जुळले तर संख्या सारखीच, एक जरी वेगळा निघाला तर वेगळी, मधला मार्ग नाही. हजाराचे बायनरीत १० अंक होतात म्हणून १० फेऱ्या, एक फेरी जाऊन येऊन साधारण ६ हजार पावलांची, म्हणजे ४० लाखांचं काम साधारण ६०-७० हजारांवर येतं.

याहून खाली जाता येईल का, तर एकाच टेपवर नाही. ही युक्ती `n log n` च्या पट्टीत बसते, आणि १९६० च्या दशकातच सिद्ध झालंय की एका टेपचं मशीन वाढीच्या दराने याच्याही खाली गेलं तर ते फक्त अशाच भाषा, म्हणजे ओळींचे संच, ठरवू शकतं ज्या टेपवर काहीही न लिहिता, नुसत्या मोजक्या स्टेटच्या जोरावर ओळखता येतात. आपली भाषा त्यातली नाही. दुसरी टेप दिली तर गोष्ट वेगळी, a तिकडे उतरवून घ्यायचे, b वाचताना त्या टेपवर मागे यायचं, c वाचताना पुन्हा पुढे जायचं, आणि सगळं एका वाचनात उरकतं.