गॅस्ट्रुलेशन

एकसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या पापुद्र्यातून किंवा पोकळ गोळ्यातून प्राणिभ्रूणाचे बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर हे तीन जननस्तर ज्या हालचालींनी तयार होतात, त्या हालचालींना एकत्रितपणे गॅस्ट्रुलेशन म्हणतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी 1870च्या दशकात जठरासाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘गॅस्ट्रुला’ हे नाव घडवले, कारण अनेक प्राण्यांत याच वेळी आद्य आतड्याची पोकळी तयार होते. तीन स्तरांचे वर्णन मात्र त्याआधीच, 1817 मध्ये, क्रिस्तियान पांडर यांनी कोंबडीच्या भ्रूणात केले होते. ही क्रिया समजून घेण्यासाठी आजही कोंबडीच्या अंड्यासारखे सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

फलित अंडे घातले जाते तेव्हा पिवळ्या बलकाच्या माथ्यावर काही मिलिमीटर व्यासाची पांढरट चकती असते. या चकतीत हजारो पेशी असतात आणि तिच्या मध्यभागी एकावर एक असे दोन पापुद्रे बनत असतात. पुढे पिल्लाचे संपूर्ण शरीर वरच्या पापुद्र्यापासून, म्हणजे अधिस्तरापासून, घडते. खालचा अधःस्तर शरीराच्या घडणीत भाग घेत नाही, तर बलकाच्या पिशवीशी जोडलेल्या बाह्य भागांना हातभार लावतो. अंडे सुमारे 38 अंश सेल्सिअसला उबवले की सहा-सात तासांत चकतीच्या मागच्या कडेला पेशींची दाटी होऊ लागते. ही दाटी लांबत पुढे सरकते आणि अठरा-एकोणीस तासांनी जवळपास दोन मिलिमीटर लांबीची, मधोमध खाच असलेली आदिरेषा दिसते. तिच्या पुढच्या टोकाला हेन्सनची गाठ असते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत अठरा तासांच्या भ्रूणाची स्लाइड दाखवतात ती याच अवस्थेची.

आदिरेषा हा अवयव नव्हे, ती वाट आहे. अधिस्तरातील पेशी तिच्याकडे सरकत येतात, खाचेत पोहोचल्यावर शेजारच्या पेशींशी असलेली घट्ट पकड सोडतात, मान बारीक आणि बूड रुंद अशा बाटलीसारख्या होतात आणि खाली उतरतात. आधी उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच पेशी अधःस्तरात घुसून त्याला बाजूला सारतात आणि अंतःस्तर बनतात. मधल्या फटीत पसरणाऱ्या पेशींचा मध्यस्तर होतो, तर वरच राहिलेल्या पेशींचा बाह्यस्तर. म्हणजे कोणती पेशी काय होणार हे बऱ्याच अंशी ती रेषेच्या कोणत्या भागातून आणि केव्हा उतरली यावर ठरते. पुढे रेषा मागे सरते. तिच्याबरोबर मागे जाताना गाठ आपल्या वाटेवर पृष्ठरज्जू, म्हणजे भ्रूणाला आधार देणारा लवचिक दांडा, सोडत जाते, आणि त्याच्या वरचा बाह्यस्तर दुमडून मेंदू व मेरुरज्जू ज्यातून घडतात ती चेतानलिका होते.

बाह्यस्तरापासून मेंदू, मेरुरज्जू, डोळ्यातील दृष्टिपटल आणि भिंग, बाह्यत्वचा, केस, नखे, पिसे ही अंगे घडतात. मध्यस्तरापासून स्नायू, बहुतेक हाडे, हृदय, रक्त, मूत्रपिंडे आणि अंतस्त्वचा बनते. अंतःस्तरापासून अन्नमार्गाचे व श्वसनमार्गाचे अस्तर तसेच यकृत आणि स्वादुपिंड यांच्या मुख्य पेशी येतात. ही यादी पाठ करताना एक गोष्ट निसटते: अवयव सहसा एका स्तराचा नसतो. फुप्फुसाचे अस्तर अंतःस्तराचे असले तरी त्यातील कूर्चा, स्नायू व रक्तवाहिन्या मध्यस्तराच्या असतात. अधिवृक्क ग्रंथीचे बाहेरचे कवच मध्यस्तरापासून आणि आतला गाभा बाह्यस्तरापासून येतो.

या गाभ्याच्या पेशी चेतानलिकेच्या काठावरून निघणाऱ्या चेताशिखेच्या असतात. लावा पक्ष्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळे ओळखू येते. याचा उपयोग करून निकोल ल दुआरँ यांनी 1969 पासून लाव्याची चेताशिखा कोंबडीच्या भ्रूणात रोपली आणि तिच्या पेशी कुठे जातात याचा माग काढला. चेहऱ्याची हाडे व कूर्चा याच पेशींपासून बनतात असे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून ‘हाड म्हणजे मध्यस्तर’ हे समीकरण जबड्यापाशी चुकते.

मानवी भ्रूणात आदिरेषा तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला उमटते आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस नाहीशी होते. तिचे अवशेष माकडहाडापाशी उरले तर नवजात बालकात तेथे गाठ आढळू शकते. ती टेराटोमा आहे हे ऊतींच्या तपासणीत ओळखता येते, कारण त्वचा व चेता-ऊती, कूर्चा व स्नायू आणि आतड्यासारखे अस्तर, म्हणजे तिन्ही स्तरांच्या ऊती, तिच्यात सरमिसळ झालेल्या दिसतात. याउलट, मागच्या टोकाला पुरेसा मध्यस्तर तयार झाला नाही तर कण्याचा खालचा भाग, पाय व मूत्रमार्ग अपुरे राहतात. मातेला आधीपासून मधुमेह असल्यास हा दोष अधिक आढळतो.