देश तोच, पण सही कोणाची चालणार?

व्हेनेझुएलाचं जवळपास 31 टन सोनं लंडनमधे बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत होतं, आणि 2020 मधे त्यावरून कोर्टात भांडण लागलं, कारण देश एक आणि त्याच्या सेंट्रल बँकेचे बोर्ड दोन. एक सत्तेवर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष मादुरोने नेमलेलं, दुसरं त्याचा विरोधक ग्वाइदोने.

गंमत बघा, व्हेनेझुएला देश आहे की नाही यावर कोणाचंच दुमत नव्हतं. देशाला एकदा मान्यता मिळाली की सत्तापालट झाला तरी तो तसाच राहतो, त्याची कर्जं, करार, सोनं सगळं त्याचंच. प्रश्न एवढाच की त्याच्या वतीने बोलणार कोण, आणि सरकारला मान्यता म्हणतात ती हीच.

ग्वाइदो संसदेचा अध्यक्ष होता. त्याचं म्हणणं, 2018 ची निवडणूक खोटी, म्हणून राष्ट्राध्यक्षपद रिकामं, म्हणून घटनेच्या कलम 233 प्रमाणे हंगामी अध्यक्ष मीच. ब्रिटनने 4 फेब्रुवारी 2019 ला त्याला मान्यता दिली. पण लष्कर, खाती, सगळं मादुरोकडे, अगदी लंडनमधल्या वकिलातीत पण त्याचीच माणसं! तरी डिसेंबर 2021 मधे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राष्ट्राध्यक्ष कोण हे आमच्या सरकारने स्पष्ट बोललंय ना, मग प्रत्यक्षात ताबा कोणाचा हे आम्ही तपासणार नाही. म्हणजे इथे ताबा हरला, वैधता जिंकली.

आता हाच ब्रिटन शंभर वर्षांपूर्वी नेमकं उलटं भांडत होता. कोस्टा रिकात 1917 ला टिनोकोने बंड करून सत्ता घेतली, ब्रिटनने त्याला मान्यता दिलीच नाही, 1919 मधे तो पळाला, आणि नंतरच्या सरकारने त्याचे व्यवहार कायदा करून रद्द केले. त्यात एका ब्रिटिश तेल कंपनीचं आणि रॉयल बँक ऑफ कॅनडाचं नुकसान होणार म्हटल्यावर ब्रिटन म्हणायला लागला की टिनोकोचं सरकार खरंच होतं! लवाद होते अमेरिकेचे माजी अध्यक्ष टाफ्ट. त्यांनी 1923 मधे ते मान्य केलं, कारण दोनेक वर्षं देश तोच चालवत होता, आणि मान्यता नाकारली ती तो सत्तेवर कसा आला ते आवडलं नाही म्हणून, तर अशा नकारावरून ताबा नव्हता असं काही सिद्ध होत नाही. एवढं करून बँकेला कोस्टा रिकाकडून पैसे मिळाले नाहीत, कारण पैसे टिनोको आणि त्याच्या भावाच्या खिशात जाणार हे बँकेला कळायला हवं होतं असं टाफ्ट म्हणाले.

मला ताब्याची कसोटी जास्त पटते, निदान ती बाहेरून तपासता येते. पण तिच्यात बंडखोराला बक्षीस मिळतं हेही खरंच, आणि वैधतेवर जायचं तर निवडणूक खोटी होती हे ठरवणार कोण, शेजारचा देश?

ग्वाइदोचं हंगामी सरकार 2022 च्या शेवटी त्याच्याच बाजूच्या संसदेने मत देऊन बंद केलं. सोनं तेव्हाही लंडनमधेच होतं.