गल्ल्यासमोर चाकू : दुकानदाराचा हक्क कुठून सुरू होतो, कुठे संपतो

आम्ही इंदुरात दुकानांना कॅमेरे आणि शटरचे गजर बसवतो. राजवाड्याजवळ असो की मल्हारगंजात, शिडीवर चढून वायर ओढत असताना खाली उभे असलेले मालक हमखास विचारतात, "भाऊ, लुटायला आलेल्याला मी मारलं, तर उद्या मीच आत जाणार नाही ना?" याचं उत्तर शिडीवरून देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आम्ही वकील नाही. प्रसंग आलाच तर वकील गाठाच. पण मूळ गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक असावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

एक प्रसंग कल्पनेनं उभा करू. रात्रीचे ९:४१. भांड्यांच्या दुकानात मालक दिवसाचा हिशेब लावतोय. दोघं आत येतात. एक दाराशी थांबतो, दुसरा चाकू काढून गल्ल्यातली १८,००० रुपयांची पिशवी उचलतो. मालकाच्या हाताशी शटर ओढायची लोखंडी सळई आहे.

पहिला फटका : मालक सळई चाकूवाल्याच्या मनगटावर हाणतो. हाड मोडतं, चाकू पडतो. इथे मालक कायद्याच्या आत आहे. चाकू दाखवून पैसे नेणं ही नुसती चोरी नव्हे, ती जबरी चोरी. आपल्या ठाण्यावर तिला 'लूट' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार जबरी चोरीपासून मालमत्ता वाचवताना, तशीच गरज पडली तर, समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, असं कलम ३७ सांगतं. पण चाकू चार फुटांवर असताना कुणी ठाण्यात जाऊन येणार नाही, हे न्यायालयालाही कळतं.

दुसरा फटका : चाकूवाला खाली वाकून पडलेला चाकू उचलू लागतो, मालक त्याच्या खांद्यावर हाणतो. हाही हक्काच्या आत, कारण धोका अजून टळलेला नाही. चाकू त्याला आधी लागायला हवा होता, अशी अट नाही. वार होणारच अशी वाजवी भीती वाटली, एवढं पुरतं. 'आधी हळू मारायचं, मग थोडं जोरात' असं मोजमाप जीव धोक्यात असलेल्या माणसाकडून अपेक्षित नसतं, हे सर्वोच्च न्यायालयानं दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

तिसरा फटका : पिशवी टाकून दोघं पळतात. मालक चिडलेला आहे, आणि ते आपण समजू शकतो. रस्त्यावर चाळीस पावलं धावत जाऊन तो मोडक्या हाताच्या त्या पोराच्या डोक्यात मागून सळई घालतो. कवटी फुटते. हा फटका बचावाचा नाही. कलम ४३ सांगतं की जबरी चोरीविरुद्धचा हक्क, लुटारू इजा करतोय, अडवून ठेवतोय किंवा तत्काळ इजेची भीती आहे, तोवरच टिकतो. इथे भीती दुकानातच संपली होती आणि पैसेही परत मिळाले होते. धोकादायक हत्यारानं गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा कलम ११८ खाली लागू शकतो. त्यात कमीत कमी १ वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

तो पिशवी घेऊन पळाला असता तर? माल घेऊन तो निसटेपर्यंत चोरीविरुद्धचा हक्क चालू राहतो. त्याला पकडा, पाडा, पिशवी हिसकवा, लागलं तर पायावर मारा. पण चोरीविरुद्धचा हा हक्क जीव घेण्यापर्यंत जात नाही, आणि पिशवी सोडवण्यासाठी डोकं फोडण्याची गरज नसते.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सापडलेल्या चोराची. शेजारचे दुकानदार जमतात, त्याला खांबाला बांधतात आणि येणारा-जाणारा हात साफ करून घेतो. बांधलेल्या माणसापासून कसला बचाव? आपल्यासमोर असा गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो, पण त्याला विनाकारण उशीर न करता, ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. तेव्हा ११२ ला फोन करा, त्याला बसवून ठेवा, पाणी द्या.

न्यायालय दुकानदाराच्या बाजूनं किती विचार करतं, हे आपल्याच प्रदेशातल्या एका खटल्यात दिसतं. मार्च १९५० मध्ये कटनीत दंगल उसळली. अमजद खान यांचं कुटुंब दुकानातच राहत होतं. शेजारचं भावाचं दुकान फोडून जमाव त्यांच्या दारावर लाठ्या हाणू लागला, तेव्हा त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, तिघं जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी धरलं, पण सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. न्या. विवियन बोस यांनी म्हटलं की असे प्रसंग सोनं तोलायच्या तराजूत तोलता येत नाहीत. दार फुटायची वाट बघत बसणं त्यांना भाग नव्हतं. कटनीचं दार आणि आपल्या गोष्टीतला रस्ता, यांतला फरक लक्षात घ्या : तिथे धोका आत येत होता, इथे तो दूर पळत होता.

न्यायाधीश हा फरक पाहतात तो जखमांवरून. जखम समोरून आहे की पाठीमागून, किती आहेत, डोक्यावर की हातापायांवर, हे एमवायच्या डॉक्टरांच्या कागदावर उतरतं. म्हणून स्वतःलाही साधं खरचटलं असलं तरी त्याच रात्री तपासून घ्या. बचावाचा मुद्दा मांडणं आरोपीचं काम असलं, तरी तो सरकारी पक्षासारखा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त वाटते, इतकं दाखवलं की पुरतं. तक्रारीत मात्र पहिल्यापासून खरं सांगा. 'तो आपोआप पडला' असं लिहून दिलं आणि नंतर कॅमेऱ्यात सळई दिसली, तर खरा बचावही खोटा वाटू लागतो.

आता आमच्या कामाचं. वरच्या गोष्टीत दुसऱ्या आणि तिसऱ्या फटक्यात वीसएक सेकंदांचं अंतर आहे, आणि सगळा खटला त्या सेकंदांवर फिरतो. डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे असेल तर फोनची वेळ आणि फूटेजची वेळ जुळत नाही. दर महिन्याला ते मोबाइलशी ताडून पाहा. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून नवं चढतं, म्हणून प्रसंगानंतर लगेच आम्हाला बोलवा. आत शिरण्यापासून पोलीस येईपर्यंतचं सलग फूटेज काढायचं, फक्त 'आपल्या सोयीचा' तुकडा नाही. मूळ डीव्हीआर पोलिसांनी नेला तर पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या. प्रत न्यायालयात चालायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

अजून एक. शटरला रात्री करंट सोडून द्या, अशी मागणी काही ग्राहक करतात. हे काम आम्ही करत नाही. बिहारमध्ये एका माणसानं शेजाऱ्यांनी वापरू नये म्हणून आपल्या संडासाला उघडी तार लावून करंट सोडला आणि एक बाई दगावली. बचावाचा हक्क त्याला मिळाला नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये शिक्षा कायम केली. तारेला चोर कोण आणि पहाटे दूध टाकायला आलेला पोरगा कोण, हे कळत नाही. त्याऐवजी शटरच्या आत गजराचा सेन्सर आणि गल्ल्याखाली पायानं दाबायचं बटण बसवून देऊ. बटणाची जागा दाखवायला आमचा माणूस दुकान उघडं असतानाच येईल. मालक उभे कुठे राहतात, हे तेव्हाच कळतं.