फोटोंवरून केलेलं गुणपत्रकाचं भाषांतर ग्राह्य धरावं म्हणून कुलसचिवांना ईमेल कसा लिहावा

मी पुण्यात जर्मनमधून भाषांतरं करते. कोथरूडची एक मुलगी जर्मनीत इंजिनिअरिंगची चार सत्रं करून घरच्या अडचणीमुळे परत आली. तिला इथे दुसऱ्या वर्षाच्या पुढे प्रवेश हवा होता. मूळ गुणपत्रक ड्रेस्डेनमध्ये मैत्रिणीकडे राहिलं होतं. मैत्रिणीने पानांचे फोटो पाठवले, त्यांवरून मी भाषांतर केलं आणि मग प्रश्न आला की विद्यापीठ हे घेईल का. अशा वेळी सगळी मदार ईमेलवर असते. पण ईमेल लिहिण्याआधी भाषांतर तपासून घ्यावं लागतं.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात आणि गोल शिक्क्यातली अक्षरं विरघळतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. पान टेबलावर सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा फोटो हवा. पाठची बाजूही मागवा, कारण श्रेणींचा खुलासा पुष्कळदा तिथेच छापलेला असतो.

खरी तपासणी बेरजेची. युरोपात प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक असतात, पूर्ण वेळ शिकणाऱ्याचे सत्राला साधारण 30. या मुलीच्या चौथ्या पानावर एकूण 115 श्रेयांक छापलेले होते. मी भाषांतरातल्या ओळींची बेरीज केली तर 110 आली. एक ओळ गायब! दुसऱ्या पानाचा फोटो उशीवर ठेवून काढला होता आणि खालची कडा वाकली होती. मैत्रिणीने पुन्हा फोटो काढला तेव्हा तिथे पाच श्रेयांकांचा यामिकीचा विषय निघाला, श्रेणी 3,7. तिच्या सगळ्या गुणपत्रकातली सर्वांत वाईट श्रेणी नेमकी हीच होती. ती ओळ राहून गेली असती तर मूळ कागद पाहणाऱ्या कारकुनाला वाटलं असतं, मुद्दाम लपवली.

जर्मन श्रेणी आपल्या उलट चालते. 1,0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4,0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. तिथला स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांश चिन्ह. इथल्या दहापैकी गुणांची सवय असलेल्या डोळ्यांना 1,3 पाहून मुलगी नापास वाटते. तरी भाषांतरकाराने टक्केवारी काढून लिहू नये. श्रेणी जशीच्या तशी ठेवावी आणि खाली टीप द्यावी. रूपांतर समकक्षता ठरवणाऱ्यांनी करायचं असतं. काही विषयांपुढे श्रेणी नसून नुसतं ‘उत्तीर्ण’ असतं, तिथे आकडा घालायचा नाही. हस्तलिखित नोंद असेल तर जर्मन लोकांचा 1 आपल्याला 7 वाटतो. त्यांच्या 7 ला मध्ये आडवी रेघ असते, त्यावरून ओळखा. आणि वाचता आलं नाही तर तिथे ‘अवाचनीय’ लिहा, अंदाज लिहू नका.

आता अर्ज कोणी करायचा? विद्यार्थ्याने स्वतः, प्रवेश अर्जात दिलेल्या ईमेलवरून. भाषांतरकाराच्या किंवा वडिलांच्या ईमेलवरून गेलेलं पत्र कार्यालय बाजूला ठेवू शकतं. पत्र कुलसचिवांना, कारण विद्यापीठाचे अभिलेख त्यांच्या ताब्यात असतात. प्रत पात्रता विभागाला. फाइल फिरते तिथेच.

कागद फार लागत नाहीत. मूळ पानांचे फोटो एका पीडीएफमध्ये, भाषांतर दुसऱ्यात, दोन्हींना सारखेच पान क्रमांक. भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन, त्यात भाषेची पात्रता. पासपोर्टचं ओळखपान, कारण नावाचं स्पेलिंग तिथून जुळवतात. आपल्याकडे मायग्रेशन सर्टिफिकेट मागतात, जर्मन विद्यापीठं तसं काही देत नाहीत. त्याच्या जवळपासचा कागद म्हणजे नाव कमी केल्याचा दाखला, तिथे त्याला ‘एक्समाट्रिकुलेशन’चा दाखला म्हणतात. त्याचंही भाषांतर जोडा आणि दोन ओळींत हे समजावून सांगा.

नोटरीबद्दल गैरसमज आहे. 1952 च्या नोटरी कायद्यात नोटरीला भाषांतर पडताळण्याचा अधिकार आहे खरा, पण कोर्टाबाहेर बसलेल्या नोटरींना जर्मन कुठून येणार? व्यवहारात ते भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रावरची सही साक्षांकित करतात. शिक्का असला तरी मजकूर बरोबर असल्याची हमी भाषांतरकाराचीच. म्हणून ईमेलमध्ये ‘नोटरीने प्रमाणित केलेलं भाषांतर’ असं ठोकून देऊ नका, जे झालंय तेच लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं वाक्य, जे लोक लिहायला कचरतात: भाषांतर फोटोंवरून केलं आहे, मूळ कागद भाषांतरकाराने पाहिलेले नाहीत. हे आपणहून सांगितलं तर ती अडचण असते, नंतर उघड झालं तर फसवणूक वाटते. आम्ही पाठवलेला मजकूर असा होता:

विषय: अर्ज क्र. ____ : गुणपत्रकाचे भाषांतर तात्पुरते ग्राह्य धरण्याबाबत

मा. कुलसचिव महोदय,

मी ____ अभ्यासक्रमासाठी वरील क्रमांकाने अर्ज केला आहे. माझे चार सत्रांचे गुणपत्रक जर्मन भाषेत असून मूळ प्रत सध्या जर्मनीत आहे. तिच्या चारही पानांच्या फोटोंवरून केलेले इंग्रजी भाषांतर आणि ते फोटो सोबत जोडले आहेत. भाषांतरकाराने मूळ प्रत पाहिलेली नाही, हे त्यांच्या निवेदनात नमूद आहे. भाषांतरातील विषयांचे एकूण श्रेयांक 115 असून ते मूळ पान 4 वरील बेरजेशी जुळतात. पान 3 वरील शिक्क्यातील एक शब्द अवाचनीय आहे, त्याचा श्रेणींशी संबंध नाही.

हे भाषांतर पात्रता तपासणीसाठी तात्पुरते ग्राह्य धरावे, ही विनंती. मूळ प्रत मी दि. ____ पर्यंत कार्यालयात दाखवेन. तसे हमीपत्र जोडले आहे. पडताळणीसाठी तेथील परीक्षा विभागाचा ईमेल आणि माझा विद्यार्थी क्रमांक खाली देत आहे. अन्य स्वरूपाचे भाषांतर आवश्यक असल्यास कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
____

यात मागणी एकच आहे, तीही तात्पुरती. ‘भाषांतर मान्य करून मला थेट तिसऱ्या वर्षात घ्यावे’ असं लिहिलं की पत्र समकक्षतेच्या प्रश्नात अडकतं. भाषांतर ग्राह्य धरणं वेगळं आणि श्रेयांक मान्य करणं वेगळं. दुसऱ्याचा निर्णय शैक्षणिक समितीकडे जातो, त्यासाठी अभ्यासक्रमाचा तपशील लागतो.

तारीख लिहिताना हात राखून लिहा. मैत्रीण कुरिअर करते म्हणाली की आपण आठवडा धरतो. आम्ही सहा आठवडे मागितले आणि कागद पाचव्या आठवड्यात आले.

ईमेल पाठवून थांबू नका. त्याची छापील प्रत, सोबतच्या कागदांसह, विद्यापीठाच्या आवक-जावक खिडकीवर द्या आणि स्वतःच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घ्या. पुढे फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न हाच येतो, ‘आवक नंबर सांगा.’