संपूर्ण करार कलम आणि दुरुस्ती कलम

लेखी करारनाम्याच्या शेवटी येणारी ही दोन कलमे. पहिल्याचा आशय असा: 'पक्षांमधील संपूर्ण समझोता या करारनाम्यात आला असून, यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी, आश्वासने रद्द समजावीत.' दुसरे कलम म्हणते, की यापुढचा कोणताही बदल लेखी आणि दोघांच्या सहीनेच होईल. विदर्भातल्या गावांत ही कलमे आता सौरप्रकल्पांसाठीच्या जमीन भाडेपट्ट्यांतून येऊ लागली आहेत.

गावचा व्यवहार शब्दावर चालतो. गुढीपाडव्याला ठरणारे सालगड्याचे साल, बटईने दिलेले वावर, यांचा बहुधा कागदच होत नाही. तरीही असा तोंडी करार भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार वैध ठरू शकतो. अडचण निम्मे कागदावर आणि निम्मे तोंडी असते तेव्हा होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 (1 जुलै 2024 पासून लागू) यातील कलम 94 व 95 प्रमाणे, अटी दस्तात लिहिल्या की त्या दस्तानेच सिद्ध करायच्या. त्यांना छेद देणारा, त्यांत भर घालणारा तोंडी पुरावा चालत नाही. 1872 च्या जुन्या पुरावा कायद्यात हीच कलमे 91 व 92 होती.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने सहा एकरांपैकी रस्त्याकडचे चार एकर एकरी 40 हजार रुपये वार्षिक भाड्याने एका कंपनीला दिले. सहीआधी ओसरीवर चहा घेताना कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, पोराचं आमच्यावर सोडा, चौकीदारीवर घेऊ. मागच्या दोन एकरांत जायला वाट राहील. आणि भाडं दर तीन वर्षांनी वाढवू." करारनाम्यात लिहिले होते: भाडे पूर्ण मुदतीत स्थिर राहील. नोकरी आणि वाटेबद्दल त्यात अक्षर नव्हते.

या तीन शब्दांचे कायद्यात तीन वेगळे हाल होतात. भाडेवाढ लेखी अटीच्या थेट विरोधात आहे. संपूर्ण करार कलम नसते, तरी ती टिकली नसती. नोकरीबद्दल दस्त गप्प आहे. कलम 95 चे दुसरे परंतुक, म्हणजे त्या कलमाला जोडलेला दुसरा अपवाद, अशाच जागेसाठी आहे: दस्त ज्या बाबीवर मौन आहे आणि जी त्याच्या अटींशी विसंगत नाही, तिच्याबद्दलचा वेगळा तोंडी करार सिद्ध करता येतो. हीच फट बुजवायला वकील संपूर्ण करार कलम घालतात. 'बाकी काहीही ठरलेले नाही' असे शेतकऱ्याने स्वतःच सही करून लिहून दिलेले असते. वाटेचे मात्र वेगळे आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तिथे आधार कंपनीच्या शब्दाचा नसतो, शेतात जायला वाट हवी या गरजेचा असतो.

दोन वर्षांनी दुसरा अधिकारी फोनवर म्हणतो, "पुढच्या साली पंचेचाळीस देऊ." इथे दुरुस्ती कलम आड येते. नोंदणी न झालेल्या साध्या करारात नंतरचा तोंडी बदल कलम 95 च्या चौथ्या परंतुकाखाली सिद्ध करायला मुभा आहे, जरी लेखी बदलाची अट असताना ते अवघड जाते. पण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, आणि नोंदणीकृत दस्ताला ही मुभाच नाही. त्यामुळे वाढ खरी हवी असेल तर पुरवणी करारनामा करून तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो.

या कलमांनी फसवणूक मात्र झाकली जात नाही. शब्द पाळायचा नाही हे मनात ठरवूनच तो देणे, ही करार अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे फसवणूक आहे, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 95 चे पहिले परंतुक तिचा तोंडी पुरावा येऊ देते. सिद्ध करायचा असतो तो शब्द देतानाचा हेतू, नंतर न पाळणे पुरेसे नसते. त्याच माणसाने गावातल्या दहा घरांत नोकरीचा तोच शब्द दिला आणि जागा एकच होती, तर त्या घरांची साक्ष मोलाची ठरते. ठरलेली अट फसवणुकीने किंवा दोघांच्या चुकीने लिहायची राहिली असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 26 खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो.

शेतकऱ्याने खरे तर सहीच्या आधी "हे कागदात कुठं लिवलं हाय?" असे विचारायला हवे. नोकरी कोणाला, केव्हापासून, किती पगारावर. वाट किती फूट रुंद, कोणत्या बांधाने, बैलबंडी जाईल का. हे परिशिष्टात लिहून, परिशिष्ट करारनाम्याचाच भाग आहे असे मूळ मजकुरात नमूद करावे आणि प्रत्येक पानावर दोघांनी सही करावी. परिशिष्ट दस्तासोबतच नोंदवले गेले, की संपूर्ण करार कलम त्या शब्दांच्या आड येत नाही. कारण मग ते शब्दही 'संपूर्ण करारा'त मोडतात.